लांब मांडीचं गणित: उंच माणसाने कोणता स्क्वॉट, कोणता डेडलिफ्ट निवडावा

जिममध्ये सहा फूट दोन इंचांचा एखादा मुलगा खांद्यावर बार घेऊन बसायला लागला की आजूबाजूचे दोन-तीन जण हमखास सल्ले द्यायला येतात. छाती वर ठेव, पाठ ताठ ठेव, अजून खाली जा. तिन्ही सल्ले तो एकाच वेळी पाळायला जातो आणि मागच्या मागे पडायला लागतो. शेजारच्या रॅकमध्ये पाच फूट पाच इंचांचा गडी मात्र सहज बुड टेकेल इतका खाली जाऊन वर येत असतो. मग उंच मुलगा ठरवून टाकतो की आपलं शरीरच आखडलेलं आहे. यात थोडं खरं असतं, पण कुठे आखडलंय हे न तपासता तो स्ट्रेचिंगच्या मागे लागतो, किंवा वाकड्यातिकड्या स्क्वॉटवरच वजन चढवत राहतो.

सुरुवात एका साध्या नियमापासून करू. खांद्यावर जड बार असेल, तर तो पावलाच्या मध्यावर, म्हणजे बुटाच्या नाडीच्या गाठीच्या जवळपास, उभ्या रेषेत राहावा लागतो. तो पुढे गेला तर तोल पुढे जातो, मागे गेला तर मागे. हा नियम उंच-बुटका बघत नाही. आता खाली बसताना मांडी आडवी होते तेव्हा खुबा मागे जातो. किती मागे, हे दोन गोष्टींवर ठरतं. मांडी किती लांब आहे ही एक, आणि नडगी पुढे किती झुकते ही दुसरी. खुबा जितका मागे गेला असेल, तितकंच धड पुढे वाकवून बार पुन्हा पावलाच्या मध्यावर आणावा लागतो. म्हणजे धडाचा झुकाव हा चूक किंवा आळस नसून हिशोबाची शिल्लक असते.

हा हिशोब प्रत्यक्ष मांडून बघू. समजा आपला उंच गडी १८८ सेंटिमीटरचा आहे. खुब्याच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत त्याची मांडी ४८ सेंटिमीटर भरते. गुडघ्यापासून घोट्याच्या बाहेरच्या हाडापर्यंत नडगी ४५. खुब्यापासून मानेखाली बार ठेवतो तिथपर्यंत धड ५०. घोटा पावलाच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटर मागे असतो. या गड्याची नडगी टाच न उचलता २० अंशच पुढे झुकते असं धरू. मांडी आडवी होईपर्यंत तो बसला, तर गुडघा पावलाच्या मध्यापासून जेमतेम १० सेंटिमीटर पुढे येतो आणि खुबा जवळपास ३८ सेंटिमीटर मागे जातो. बार जागेवर आणायचा तर धड उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंश वाकवावं लागतं. म्हणजे पाठ उभी कमी आणि आडवी जास्त.

आता शेजारचा गडी घेऊ. त्याची मांडी ४०, नडगी ३८, धड ४८ आणि घोटे तितकेच ताठर. त्याचा झुकाव ४२ अंश येतो. फरक आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. मग उंच गड्याचाच हिशोब मोकळे घोटे धरून पुन्हा मांडू. नडगी २० ऐवजी ३० अंश झुकली, की त्याचा झुकाव ४९ वरून एकदम ३८ वर येतो. हाडांच्या लांबीने सात अंशांचा फरक पडला, घोट्याने अकरा अंशांचा. उंच माणसं सगळा दोष मांडीच्या हाडावर ढकलतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त दोष घोट्याचा असतो, आणि हाड बदलता येत नसलं तरी घोट्याचा प्रश्न लाकडाच्या एका फळीने बराचसा सुटतो.

पण घोट्याचाच प्रश्न आहे हे आधी नक्की करायला हवं. खोली अडते ती घोट्यात, खुब्यात किंवा नुसत्या तोलात, आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. घोट्यासाठी एक पाऊल पुढे टाकून टाच जमिनीला घट्ट टेकवायची, गुडघा पुढे ढकलायचा आणि नडगीवर मोबाइल ठेवून त्यातल्या लेव्हलवर कोन वाचायचा. ३५ अंशांच्या पुढे जात असेल तर घोटा चांगला आहे. पंचवीस अंशांतच अडकत असेल तर दोन्ही पायांवर बसताना नडगी त्याहूनही कमी झुकणार. भिंतीला गुडघा टेकवून पावलाचं अंतर मोजण्याची चाचणी जास्त प्रसिद्ध आहे, पण लांब नडगीच्या माणसाला ती फसवते. नडगी लांब असली की कोन कमी असतानाही गुडघा भिंतीपर्यंत पोचतो. म्हणून उंच माणसाने सेंटिमीटर न मोजता अंश मोजावेत.

खुब्यासाठी गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवं व्हायचं आणि बुड हळूहळू टाचांकडे न्यायचं. कुणाला तरी बाजूने बघायला सांगायचं, किंवा मोबाइल लावून ठेवायचा. एका जागी कंबरेचा खालचा भाग गोल व्हायला लागतो. ती तुमच्या खुब्याची हद्द. गुडघे थोडे फाकवून पुन्हा करायचं. कित्येकांना इथे एकदम जास्त जागा मिळते, कारण खुब्याच्या वाटीची दिशा आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन माणसागणिक वेगळा असतो. जांघेत पुढच्या बाजूला चिमटा काढल्यासारखं दुखत असेल तर हाडाला हाड लागतंय असं समजून तिथेच थांबावं. तो चिमटा स्ट्रेचिंगने जात नाही, उलट रोज दाबून चिडतो.

तोल तपासायला सर्वात सोपी युक्ती म्हणजे दहा किलोचा डंबेल दोन्ही हातांत छातीपुढे धरून बसून बघणं. नुसतं बसताना मागे पडणारा माणूस पुढे वजन धरल्यावर खोल बसत असेल, तर त्याच्या सांध्यांत जागा आहे. फक्त बार पाठीवर ठेवल्यामुळे तोल जुळत नव्हता. लहानपणापासून उकिडवं बसायची सवय असलेले बरेच उंच लोक याच गटात निघतात. उकिडवं बसताना आपण हात आणि डोकं पुढे नेतो, पाठ गोल करतो आणि तोल आपोआप सांभाळला जातो. खांद्यावर ८० किलो असताना पाठ गोल करण्याची ती मुभा राहत नाही.

आता आपल्या गड्याचा घोटा २० अंशांवर अडतो हे ठरलं. टाचेखाली सुमारे दोन सेंटिमीटरची चढण दिली तर काय होतं? वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच साधारण तेवढीच उंच असते. पावलाच्या लांबीवर तेवढ्या उंचीने सहा अंशांचा उतार मिळतो, म्हणजे नडगी २६ अंश झुकू शकते. धडाचा झुकाव ४९ वरून ४२ वर येतो, म्हणजे बुटक्या शेजाऱ्याइतका. आपल्या तालमींत हे कुणी अंश मोजून केलं नव्हतं, पण बैठका मारणारा पैलवान खाली जाताना टाचा उचलून चवड्यावर येतो तेव्हा हेच घडत असतं. गुडघे मोकळेपणी पुढे जातात आणि धड ताठ राहतं. बार घेऊन चवड्यावर बसणं धोक्याचं, म्हणून टाचेखाली काहीतरी घट्ट हवं. बहुतेक जिममध्ये लोक अडीच किलोच्या दोन प्लेट टाकून त्यावर टाचा ठेवतात. चालतं, पण प्लेटच्या कडेवर पाऊल डगमगतं. सुताराकडून पावलाच्या रुंदीच्या मानाने ऐसपैस अशी उतरती फळी करून घेतली तर जास्त बरं.

यापुढचा मोठा फायदा बारची जागा बदलून मिळतो. त्याच फळीवर उभं राहून बार पाठीऐवजी गळ्याजवळ खांद्यांच्या पुढच्या भागावर घेतला, म्हणजे फ्रंट स्क्वॉट केला, तर बार धडाच्या रेषेच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे येतो. मग त्याला मध्यावर आणायला धड तेवढं वाकवावं लागत नाही. आकडे मांडले तर झुकाव २७ अंशांवर येतो. तोच माणूस, तीच हाडं आणि झुकाव ४९ वरून २७ वर. जितकं धड ताठ, तितकी त्याच खोलीला खुब्याची घडी कमी, त्यामुळे कंबर गोल न होता तो आणखी खाली जाऊ शकतो.

याच्या उलट टोकाला लो-बार स्क्वॉट आहे, ज्यात बार पाठीवर खांद्याच्या पात्यांपर्यंत खाली सरकवतात. उंच लोकांना हा सर्रास सुचवला जातो, कारण त्यात वजन जास्त उचललं जातं. आपल्या गड्याचं खुब्यापासून बारपर्यंतचं अंतर त्यामुळे ५० वरून ४४ वर आलं, तर सपाट बुटात त्याचा झुकाव ५९ अंशांच्या आसपास जातो. खुबे आणि पाठ दणकट असलेल्या पॉवरलिफ्टरला हे परवडतं. मांड्या भरायच्या म्हणून स्क्वॉट करणाऱ्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी मांड्या ठीक आणि कंबर आखडलेली मिळते. आपला स्क्वॉट मांडीचा आहे की कमरेचा, हे ओळखायला याहून सोपी खूण नाही. दुसरी खूण व्हिडिओत दिसते. खुब्याच्या उंचीवर बाजूने मोबाइल लावला आणि वर येताना बार हलायच्या आधी बुड वर गेलं, तर मांड्यांनी काम सोडून पाठीवर ढकललं असं समजायचं.

पाय फाकवण्याचा उपायही खरा आहे. दोन्ही मांड्या ३० अंश बाहेर वळवल्या, तर बाजूने पाहताना ४८ सेंटिमीटरची मांडी ४२ सेंटिमीटरची असल्यासारखी वागते आणि फळीशिवायही झुकाव ४१ पर्यंत येतो. फक्त ओणव्या चाचणीत गुडघे फाकवल्यावर तुम्हाला जागा मिळाली असेल तरच हा उपाय तुमचा. नाहीतर गुडघे आत कोसळतात.

फ्रंट स्क्वॉटमध्ये उंच माणसाची वेगळीच अडचण होते. हाताचा कोपरापुढचा भाग लांब असला की बार खांद्यावर टेकवून बोटांनी धरताना मनगट आणि कोपर दोन्ही रडतात. यावर बारला दोन लिफ्टिंग स्ट्रॅप गुंडाळून त्यांची टोकं मुठीत धरायची. कोपर वर राहतात आणि मनगट सरळ राहतं. सुरुवातीला बार न घेता छातीपुढे डंबेल धरून, टाचा फळीवर ठेवून गॉब्लेट स्क्वॉट करावा. २४-२६ किलोच्या डंबेलने सुबक दहा-बारा रेप व्हायला लागल्या की फ्रंट स्क्वॉटकडे जायचं. तोवर डंबेल धरता धरता हातच आधी दमायला लागतात.

आणि खोलीचं काय? पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात खुब्याजवळ मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या पृष्ठभागाखाली गेलाच पाहिजे. स्पर्धेत उतरायचं नसेल, तर या रेषेला तुमच्या बाबतीत काही अर्थ नाही. तुमची खोली म्हणजे कंबर खालून आत वळायला लागते त्याच्या दोन बोटं वर. थोडंसं वळणं बहुतेकांच्यात दिसतं आणि त्याचा बाऊ करू नये. पण वजनाखाली कंबर ठळकपणे गोल होऊन परत उलगडत असेल, तर रॅकमधल्या आडव्या सुरक्षा-दांड्या त्या उंचीवर लावाव्यात. बार हलकेच टेकला की वर. दर रेपला खोली तीच राहते आणि स्वतःशी खोटं बोलता येत नाही. उरलेली खोली एका पायाच्या व्यायामातून भरून काढता येते. मागचा पाय बाकावर ठेवून केलेल्या बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटमध्ये एकच मांडी पूर्ण वाकते आणि धड बरंच ताठ राहतं. फक्त उंच माणसाने बाकापासून पुढचं पाऊल नेहमीपेक्षा लांब टाकावं आणि बाक गुडघ्याच्या उंचीहून खालचा निवडावा.

डेडलिफ्टमध्ये चित्र उलटं होतं, कारण इथे बारची उंची ठरलेली आहे. स्पर्धेच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. उचलणारा पाच फुटी असो वा साडेसहा फुटी. उंच माणसाची एक जमेची बाजू म्हणजे लांब हात. हाताच्या लांबीने काय साधतं याचं टोकाचं उदाहरण लामार गँट. अमेरिकेच्या या लिफ्टरने १९८५ मध्ये ६० किलो गटात ३०० किलो उचलले, म्हणजे वजनाच्या पाचपट. तो उंच नव्हता, पण त्याचे हात धडाच्या मानाने फार लांब होते, त्यातच पाठीचा कणा वाकडा असल्यामुळे धड आणखी आखूड झालं होतं. उंच माणसाला हात लांब मिळतात, पण पायही तेवढेच लांब असतात, आणि लांब पाय खुब्याला मागे नेऊन सगळा फायदा खाऊन टाकतात.

आपल्या साध्या जिममध्ये याहून एक वाईट गोष्ट असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. तिथल्या लोखंडी दहा किलोच्या प्लेट ४५ सेंटिमीटरच्या नसतात. तीस सेंटिमीटर व्यासाची प्लेट लावली की बार पंधरा सेंटिमीटरवर येतो. आपल्या गड्याला एरवीही तळाशी जेमतेम जागा असते, त्यात आणखी साडेसात सेंटिमीटर खाली जायचं. कागदावर मांडून पाहिलं तर बार दहा सेंटिमीटर वर आणल्यावर त्याच्या धड आणि मांडीमधली घडी बारा-तेरा अंशांनी उघडते. म्हणजे लहान प्लेटमुळे जी घडी बंद होते ती नऊ-दहा अंशांची. खुब्याची हद्द तिथेच असेल तर हे अंश कंबरेतून येतात, आणि कंबर गोल होऊन उचललेलं वजन लवकरच अंगावर येतं.

म्हणून उंच माणसाने डेडलिफ्ट शिकताना पहिलं काम म्हणजे टेप घेऊन बारची उंची मोजणं, आणि दुसरं, बारखाली दोन्ही बाजूंना प्लेट किंवा लाकडी ठोकळे रचून तो नडगीच्या मध्यापर्यंत आणणं. आपल्या गड्यासाठी ती उंची तीस सेंटिमीटरच्या आसपास येते. याच्याही वर, गुडघ्यापर्यंत, रॅकमधून ओढायचा मोह होतो. तिथे वजन दीडपट निघतं आणि फोटो चांगला येतो, पण हालचाल इतकी लहान उरते की पायांना काही शिकायला मिळत नाही. सहा कोनी ट्रॅप बार मिळत असेल तर तो उंच माणसाला सर्वांत मानवतो. मुठी वर असतात आणि माणूस बारच्या आत उभा राहत असल्याने नडगी बारला अडत नाही. गुडघा पुढे जाऊ शकतो, धड त्यामुळे जास्त ताठ राहतं.

सुमो, म्हणजे पाय खूप फाकवून ओढायचा प्रकार, उंच लोकांना धड ताठ ठेवतो म्हणून सांगितला जातो. तो खुब्याच्या बाजूच्या हालचालीवर जगतो. ओणव्या चाचणीत गुडघे फाकवून फरक पडला नसेल, तर सुमोच्या नादी लागू नये. उलट रोमानियन डेडलिफ्ट जवळजवळ प्रत्येक उंच माणसाला जमतो, कारण त्यात तळ ठरलेला नसतो. उभं राहून सुरुवात करायची, गुडघे थोडे मोकळे ठेवून बुड मागे ढकलायचं, मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या आणि कंबर गोल व्हायला लागायच्या आत परत यायचं. लांब मांडीच्या माणसात बार गुडघ्याच्या जरा खालीच थांबतो. तिथेच थांबू द्यावा.

आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. ज्याचा पाठीवरचा स्क्वॉट ४९ अंश वाकून होतो, तो खरं तर निम्मा डेडलिफ्टच करत असतो. अशा माणसाने सोमवारी हा स्क्वॉट आणि गुरुवारी जमिनीवरून डेडलिफ्ट ठेवला, तर आठवड्यातून दोनदा कंबरच दमते आणि मांड्या कोऱ्या राहतात. म्हणून उंच माणसासाठी दोन्ही निवडी एकमेकींकडे पाहून कराव्यात. स्क्वॉट जितका ताठ करता येईल तितका ताठ आणि डेडलिफ्ट खुब्यावरचा. आपल्या गड्याने एका दिवशी फळीवर फ्रंट स्क्वॉट चार सेट सहा-सहा रेप आणि त्यानंतर हलका रोमानियन डेडलिफ्ट तीन सेट आठ-आठ करावा. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांवरून डेडलिफ्ट चार सेट पाच-पाच, मग बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट प्रत्येक पायाचे तीन सेट दहा-दहा. वजन शेजाऱ्याशी ताडून पाहू नये. त्याचा बार दर रेपला कित्येक सेंटिमीटर कमी प्रवास करतो.

ठोकळे कायमचे नाहीत. सहा-आठ आठवड्यांत व्हिडिओमध्ये कंबर सरळ दिसत असेल, तर एक पातळ प्लेट काढून बार दोन-तीन सेंटिमीटर खाली आणावा आणि वजन थोडं कमी करून त्याच उंचीवर पुन्हा महिनाभर काढावा. फळीचंही तसंच. घोट्याचा कोन दर महिन्याला मोबाइलने मोजावा, वाढला असेल तर पातळ फळी करावी. वाढत नसेल तर फळी कायम ठेवायला हरकत नाही, वेटलिफ्टर आयुष्यभर उंच टाचेचेच बूट घालतात. जांघेत चिमटा येत राहिला किंवा पायात मुंग्या उतरल्या, तर मात्र उंची वाढवून किंवा प्रकार बदलून निभावू नये. ते दुखणं अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवावं आणि तोवर बार रॅकवर ठेवावा.